वर्गशिक्षिकेला पत्र : मुलाची जुनी बद्धकोष्ठता आणि शाळेत शीला लागणारा वेळ (मसुदा वाचून काटछाट सुचवा)

रानजाई

नमस्कार मंडळी. लेकाच्या वर्गबाईंना एक पत्र द्यायचं आहे. मसुदा खाली देते आहे, आधी थोडी पार्श्वभूमी.

मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. नाशिकमधली सेमी-इंग्रजी शाळा, सकाळची. बस ६.३५ ला कोपऱ्यावर येते, मधली सुट्टी ९.४० ते १०, शाळा साडेबाराला सुटते. तीन वर्षांचा असताना एका तापानंतर खडा झाला, खूप दुखलं, थोडं रक्तही आलं. तेव्हापासून शी धरून ठेवतो. लागली की पायात पाय अडकवून, टाचा उचलून पडद्यामागे उभा राहतो. चार-चार, पाच-पाच दिवस होत नाही. या वर्षी चड्डीला डाग लागायला लागले. सासूबाई म्हणाल्या जुलाब आहेत, डाळिंबाची साल द्या. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि सांगितलं की हे जुलाब नाहीत, आत कडक मळ साठलाय आणि त्याच्या कडेने पातळ झिरपतंय. दिवाळीच्या सुट्टीत पोट पूर्ण साफ करून घेतलं, आता रोज रात्री पाण्यात पावडर चालू आहे.

शाळेचा नियम असा की तासाला बाथरूमला जायचं नाही, सुट्टीत उरकायचं. फार केलं तर बाई सोडतात, पण "दोन मिनिटांत ये" म्हणून. तो जातो आणि तसाच परत येतो. बाई वाईट नाहीत, त्यांना माहीतच नाही.

मसुदा :

"माननीय बाई, स. न. वि. वि. आपल्याला त्रास देत आहे याबद्दल आधीच क्षमा मागते. माझ्या मुलाला वयाच्या तिसऱ्या वर्षापासून बद्धकोष्ठतेचा आजार आहे. तो प्रथम २०२१ मध्ये तापानंतर सुरू झाला. त्या वेळी आम्ही अमुक औषध दिले, नंतर आयुर्वेदिक काढा दिला, नंतर… (असा दीड पान इतिहास आहे, इथे गाळते.) …तरी कृपया त्याला गरज पडेल तेव्हा बाथरूमला जाण्याची परवानगी द्यावी व त्याला समजून घ्यावे, ही नम्र विनंती."

---

पेठेतला_बाप

ताई, पत्रबित्र कशाला? पोटाचं आहे, पोटातच बघा. सकाळी उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी, रात्री दुधातून इसबगोल, दिवसाला दोन केळी, महिन्यातून एकदा एरंडेल. आमच्या वेळी हेच होतं आणि कोणाला शाळेत शी लागली नाही. या पावडरी सुरू केल्या की आयुष्यभर सवय लागते.

---

सईची_आई

आमच्याकडे उलट तक्रार. मुलगी शाळेत शूच करत नाही. घाण असतं म्हणते, म्हणून पाणीही पीत नाही, बाटली भरलेली परत येते. वर्षात दोनदा लघवीचा जंतुसंसर्ग झाला. दुसऱ्या वेळी डॉक्टर तिच्या शीबद्दलच विचारत बसले, मला कळेना का. पत्र तयार झालं की मीही तेच वापरेन, फक्त शीच्या जागी शू घालून.

---

टोपलीभर_शेंगा

नर्सरीत डायपर चालतं की बहुतेक ठिकाणी. बाईंना सांगा एक जास्तीचं पाठवते म्हणून. तीन वर्षांच्या पोराला लगेच ट्रेनिंग कशाला?

---

रानजाई

@टोपलीभर_शेंगा मुलगा सात वर्षांचा आहे हो. तीन वर्षांचा असताना सुरू झालं एवढंच.

---

खडू_फळा

मी प्राथमिकची शिक्षिका. सातारा जिल्हा, वर्गात ५२ मुलं. तुमचं पत्र माझ्या टेबलावर आलं तर काय होईल ते सरळ सांगते, राग मानू नका.

दीड पान मी वाचणार नाही. म्हणजे वाचीन, पण हजेरी घेताना, अर्धं लक्ष समोरच्या मारामारीकडे ठेवून. इतिहासातून माझ्या डोक्यात एवढंच उरेल की "याच्या आईने बरीच औषधं केली आहेत". आणि शेवटी "गरज पडेल तेव्हा परवानगी द्यावी" असं लिहिलंय, ते मी मान्य करीन आणि दुसऱ्या दिवशी काही बदलणार नाही. कारण परवानगी मी आजही देतेच आहे, दोन मिनिटांची. तुम्हाला हवी आहेत दहा मिनिटं, आणि ते पत्रात कुठेच नाही.

दुसरं, "समजून घ्यावे" म्हणजे मी नेमकं काय करायचं? एक मूल तासाला उठलं की मागोमाग सात जण "बाई, मलापण" म्हणून उभे राहतात. व्हरांड्यात मूल एकटं फिरताना दिसलं तर मुख्याध्यापक मला विचारतात. दहा मिनिटं मूल वर्गाबाहेर असेल तर ते कुठे आहे आणि कोणाच्या नजरेत आहे, हे मला सांगता आलं पाहिजे. हल्ली त्या बाबतीत सगळ्याच शाळा घाबरून असतात, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा पत्रात लिहा : कधी, किती वेळ, कोणतं बाथरूम, कोणाचं लक्ष, चड्डी खराब झाली तर काय. क्षमा काढून टाका. इतिहास डॉक्टरांच्या चिठ्ठीत राहू दे, ती सोबत जोडा.

आणि एक कराच. पत्र लिहिण्याआधी मुलाला विचारा की तिथे नेमकं काय होतं. बाईंचा नियम हे अर्धंच कारण असतं असा माझा अनुभव आहे.

---

डॉ_कोयनाकाठ

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मुलाला तपासलेलं नाही, तेव्हा औषधाचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांचंच. पत्राला उपयोगी पडेल तेवढं सांगतो.

खडू_फळा यांनी "कधी" विचारलंय, त्याचं उत्तर पोटच देतं. काही खाल्लं की साधारण अर्ध्या तासाच्या आत मोठं आतडं हलायला लागतं आणि मळ खाली सरकतो. सकाळी उठल्यावर आणि जेवणानंतर ही हालचाल सर्वांत जोरात असते. आता तुमच्या मुलाचा दिवस बघा. ६.३५ ची बस, म्हणजे पोटात फार तर कपभर दूध. पहिला घन घास जातो मधल्या सुट्टीत, पावणेदहाला. आतडं हलतं दहा-सव्वादहाला. म्हणजे सुट्टी संपते तेव्हा त्याला लागते. "सुट्टीत उरकून घ्या" हा नियम या मुलाच्या बाबतीत पंधरा मिनिटं आधी येतो. तो हट्टी नाही की वेळकाढू नाही. सुट्टीत त्याला खरोखरच लागलेली नसते.

मग तो धरून ठेवतो. धरली की थोड्या वेळाने लागल्याची जाणीव निघून जाते, पण मळ तिथेच राहतो. आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि तो आणखी कडक होतो. असं वर्षानुवर्षं झालं की गुदाशय ताणून सैल पडतो, जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखा. मग भरला तरी मुलाला कळत नाही. डाग पडले हेही त्याला कळत नाही, वासाने शेजारच्याला आधी कळतं. म्हणून "तुला कळत नाही का?" या प्रश्नाचं खरं उत्तर "नाही" असं असतं. पत्रात एकच वैद्यकीय वाक्य ठेवायचं असेल तर हे ठेवा.

घाईचं सांगतो. मळ बाहेर येताना गुदद्वाराचा स्नायू सैल सोडावा लागतो. बाहेर कोणी दार वाजवतंय, बाईंनी दोन मिनिटं दिलीत, अशा वेळी मूल कुंथतं आणि तोच स्नायू आवळतं. थोडंसं होतं, बाकीचं आत राहतं, आणि तेच दुपारी चड्डीला लागतं. पाच ते दहा मिनिटं निवांत बसणं पुरतं. त्याहून जास्त बसवू नका, मुलं कंटाळतात आणि बसण्याचाच तिटकारा येतो.

@पेठेतला_बाप, केळी-पाणी चुकीचं नाही, पण क्रम महत्त्वाचा. आत गच्च भरलेलं असताना इसबगोल दिलं तर वरून आणखी भर पडते आणि पोट फुगतं. आधी साफ, मग मऊ ठेवणं, मग आहार. लहान मुलाला एरंडेल देऊन अचानक कळा आणल्या तर भीती वाढते, आणि मुळात आजार भीतीचाच आहे. पावडर जर पीईजी असेल, बहुधा तीच असणार, तर ती आतड्यात पाणी धरून ठेवते. रक्तात जवळपास जात नाही आणि सवय लावत नाही. उलट पालक पंधरा दिवसांत "आता बरा आहे" म्हणून बंद करतात आणि तिसऱ्या आठवड्यात परत खडा. निदान दोन महिने, आणि बहुतेकांना त्याहून बराच जास्त काळ लागतो. बंद करायची तीही हळूहळू कमी करत. ताणलेला गुदाशय मूळ मापावर यायला महिने लागतात.

@सईची_आई, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर प्रश्न विचारला. गुदाशय भरलेला असला की तो पुढच्या मूत्राशयावर दाब देतो. लघवी अर्धवट होते, वारंवार लागते, संसर्ग होतो. तुमच्या मुलीची शी किती दिवसांनी आणि कशी होते ते आठवडाभर लिहून ठेवा. शेळीच्या लेंड्यांसारखी किंवा भेगा पडलेल्या जाड काकडीसारखी असेल तर आधी त्यावर उपचार.

---

माळावरचा

माझ्या पुतण्याला हेच होतं आणि शेवटी ऑपरेशन करावं लागलं. आतड्याच्या एका भागात नसाच नव्हत्या. पत्र लिहीत बसू नका, आधी मोठ्या दवाखान्यात दाखवा.

---

डॉ_कोयनाकाठ

@माळावरचा, तो आजार वेगळा, आणि त्याची सुरुवात सहसा जन्मापासून असते. बाळाची पहिली काळी शी पहिल्या दोन दिवसांत होत नाही, पोट फुगतं, हिरवी उलटी, वजन वाढत नाही. इथे तीन वर्षांपर्यंत सगळं नीट होतं, मग दुखलं, मग धरणं सुरू झालं. तरी रानजाई, जन्मानंतरचा तो प्रश्न तुमच्या डॉक्टरांनी विचारला होता का?

---

रानजाई

हो, विचारला होता. पहिल्याच दिवशी झाली होती. वजनही वयाप्रमाणे आहे.

@खडू_फळा, तुम्ही सांगितल्यावर काल रात्री अंधारात पडल्या पडल्या विचारलं, समोरासमोर तो बोलत नाही. आधी "काही नाही". मग हळूहळू निघालं. मुलांच्या बाथरूमला चार संडास, सगळे भारतीय पद्धतीचे. दोघांची कडी तुटलेली. तिसरी-चौथीतली मुलं खालून डोकावतात आणि दार ढकलतात. घरी आमच्याकडे कमोड, त्यामुळे उकिडवं बसलं की पडेन असं वाटतं. चड्डी काढून कुठे टांगायची ते कळत नाही, खुंटी नाही. आणि सर्वांत शेवटी, अगदी कुजबुजत : "मला नीट धुता येत नाही, मग वास येतो."

हे सगळं बाईंना कसं माहीत असणार?

---

खडू_फळा

बघा. आता पत्राचा अर्धा भाग त्यानेच लिहिलाय.

धुण्याचं या आठवड्यात घरी शिकवा. पाण्याचा मग, कोणता हात, नंतर साबण, सगळं. कारण सात वर्षांच्या मुलाला आमच्या मावशी धुवून देणार नाहीत, आणि देऊही नये. पत्रात स्पष्ट लिहा की "तो स्वतःचं स्वतः करतो, मावशींनी फक्त बाहेर थांबावं". नाहीतर शाळा पहिला नकार त्याच मुद्द्यावर देईल.

जागेचं म्हणाल तर बहुतेक शाळांत ऑफिसजवळ किंवा आजारी मुलांच्या खोलीला लागून एक संडास असतो. बऱ्याचदा तिथे कमोड आणि धड कडी असते, पाहुण्यांसाठी राखलेला. तो मागा. मुलांचं बाथरूम दुरुस्त करा ही मागणी वेगळ्या पत्रात, मुख्याध्यापकांकडे, शक्यतो चार पालकांनी मिळून. दोन्ही एका कागदावर घातलं की पहिली मागणी दुसरीच्या फाईलमध्ये अडकते.

---

डॉ_कोयनाकाठ

उकिडवं बसण्याची भीती गेली तर बरंच. ती बसण्याची पद्धत या कामाला उत्तम आहे, गुडघे वर आले की वाट सरळ होते. कमोडवर बसवत असाल तर पाय लोंबकळू देऊ नका. पायाखाली पाट किंवा स्टूल, गुडघे कंबरेपेक्षा वर, कोपरं मांड्यांवर, थोडं पुढे वाकून. शाळेच्या कमोडखाली स्टूल मागणं पत्रात घाला, हे कोणाला सुचत नाही.

---

पेठेतला_बाप

इतकी विनवणी कशाला? शिक्षण हक्क कायदा आहे. शौचालयाला पाठवत नाहीत म्हणजे कायद्याचा भंग. सरळ नोटीस द्या.

---

खडू_फळा

@पेठेतला_बाप, २००९ च्या त्या कायद्याच्या परिशिष्टात शाळेत मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळी शौचालयं असली पाहिजेत असं आहे. तासाला कोणाला किती मिनिटं सोडायचं याबद्दल त्यात काही नाही. तुटलेल्या कडीसाठी तो कायदा दाखवा, खुशाल दाखवा. दहा मिनिटांसाठी दाखवलात तर बाई नियमावर बोट ठेवतील आणि पोरगं मध्ये लटकेल.

---

टेम्सकाठची

इंग्लंडमध्ये आहे. माझ्या मुलीचं हेच प्रकरण इथे पहिलीपासून. इथे एरिक नावाची एक संस्था फक्त मुलांच्या शी-शूच्या तक्रारींवर काम करते, त्यांच्याकडे शाळेला देण्यासाठी तयार माहिती मिळते. शाळेने एक पानी आरोग्य योजना केली आणि मुलीला छोटं कार्ड दिलं. ते टेबलावर ठेवायचं आणि जायचं, विचारायचं नाही. सगळ्यांसमोर हात वर करून "टॉयलेट" म्हणायला तिला लाज वाटायची, कार्डाने ते टळलं.

पण सगळं सुरळीत आहे असं समजू नका. बदली शिक्षक आले की कार्ड कोणाला माहीत नसतं. दोनदा तिला बसवून ठेवलं आणि दोन्ही वेळा कपडे खराब झाले. तेव्हा पत्र एका बाईंना देऊन भागणार नाही. दहा वाजताचा तास रोज कोण घेतं ते वेळापत्रकात बघा.

---

रानजाई

बघितलं. दहाचा तास सोमवारी आणि बुधवारी गणिताच्या बाई, मंगळवारी पीटीचे सर, बाकी वर्गबाई. म्हणजे तिघांना.

सगळ्यांचं ऐकून नव्याने लिहिलंय :

"माननीय वर्गशिक्षिका,
इयत्ता दुसरी, तुकडी ब

स. न. वि. वि.

माझा मुलगा चि. ______ याला जुनी बद्धकोष्ठता आहे व त्यावर औषधोपचार चालू आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. या आजारात मुलाला शी लागल्याचे किंवा कपड्याला लागल्याचे वेळेवर कळत नाही. तो मुद्दाम करत नाही. उपचार अजून काही महिने चालतील.

डबा खाल्ल्यानंतर साधारण १० ते १०.३० या वेळेत त्याला शी लागते, म्हणजे मधली सुट्टी संपल्यावर. त्यासाठी पुढील सोय व्हावी, ही विनंती.

त्या वेळेत तो न विचारता, आपल्या टेबलावर निळे कार्ड ठेवून जाईल व परतल्यावर उचलून घेईल. त्याला दहा मिनिटे लागतील. तेवढ्यात त्याला हाक मारू नये किंवा मित्राला बघायला पाठवू नये. शक्य असल्यास त्याची जागा दाराजवळच्या बाकावर असावी.

त्याने ऑफिसशेजारचा संडास वापरावा, अशी परवानगी मुख्याध्यापकांकडे मागितली आहे. मावशींनी बाहेरच्या दाराशी थांबावे. स्वच्छता तो स्वतः करतो. पायाखाली ठेवायला एक छोटे प्लॅस्टिकचे स्टूल मी आणून देईन.

त्याच्या दप्तराच्या मागच्या कप्प्यात जास्तीची चड्डी, पँट व बंद होणारी पिशवी आहे. कपडे खराब झाल्यास त्याला हळूच तिकडे पाठवावे. मला फोन केला नाही तरी चालेल, डायरीत एक खूण पुरे.

वर्गातील इतर मुलांना याबद्दल सांगू नये. गणिताच्या बाई व पीटीच्या सरांना या पत्राची प्रत देत आहे. सोयीच्या दिवशी सुटल्यावर पाच मिनिटे भेटता येईल का?

आपली विश्वासू,
______"

---

खडू_फळा

हे माझ्या टेबलावर आलं तर मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवीन. दोन बारीक गोष्टी. "न विचारता" खाली रेघ मारू नका, काही बायांना ते टोचतं. आणि निळं कार्ड इतर मुलांना पहिल्या दिवशीच दिसेल. आमच्याकडे अशा एका मुलीला मी "ऑफिसात हजेरीपट देऊन ये" असं काम दिलं होतं. ती हजेरीपट घेऊन जायची आणि वाटेत तिचं काम उरकायची. कोणाला पत्ता लागला नाही.

---

टेम्सकाठची

कल्पना छान, पण मग बाई विसरल्या तर मूल अडकलं. कार्डात सुरुवात त्याच्या हातात असते.

---

डॉ_कोयनाकाठ

पत्रात एक बदल करा. "शी लागते" असं लिहिलंय, पण ताणलेल्या गुदाशयात लागल्याची जाणीव पुसट असते, म्हणून "लागली की जा" हे बऱ्याच मुलांना जमत नाही. मी असतो तर लिहिलं असतं, "लागो न लागो, रोज सव्वादहाला जाऊन बसेल". घड्याळाने बसणं हाच उपचार आहे.

---

खडू_फळा

डॉक्टर, रोज सव्वादहाला दहा मिनिटं म्हणजे त्याच्या अभ्यासाचा पाव तास रोज बुडणार. दुसरीत वजाबाकीतलं हातचं घेणं चालू असतं. घरी जेवल्यावर बसवा ना, दीड वाजता.

---

डॉ_कोयनाकाठ

मुद्दा बरोबर. घरी दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर बसायचंच आहे, मुख्य बसणं तेच. पण सव्वादहाला आलेली हालचाल दीडपर्यंत थांबत नाही. रोज बुडणार म्हणता, तर मधला मार्ग असा : पहिले चार आठवडे रोज, कारण आत्ता औषधाने शी मऊ आहे आणि अचानकही येऊ शकते. मग डायरीतल्या खुणा बघून ठरवा. आणखी एक वाट सकाळची. वीस मिनिटं लवकर उठवून दुधासोबत पोळी किंवा उपमा असं काहीतरी घन, आणि बस येण्याआधी बसणं. हे जमलं तर शाळेतलं बसणं आपोआप कमी होतं. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, दुधाने पोट भरलं की मुलं बाकी खात नाहीत.

---

रानजाई

पाच पंचविसाला उठवायचं म्हणजे रात्री साडेआठला झोप हवी. त्याचे बाबा साडेनऊला घरी येतात. बघू, हिवाळा संपल्यावर प्रयत्न करते. आत्ता शाळेतलंच धरून चालते.

---

सईची_आई

आठवडाभर लिहिलं. चार दिवस काहीच नाही आणि मग काकडी. उद्या डॉक्टरांकडे. माझं पत्र आता वेगळं लिहावं लागणार.

---

पेठेतला_बाप

इसबगोलाचं ऐकून घेतलं. पण पाण्यावर मी ठाम आहे.

---

डॉ_कोयनाकाठ

पाण्यावर भांडण नाहीच. पीईजी तर पाण्याशिवाय निरुपयोगी. फक्त निव्वळ पाण्याने साठलेला खडा सुटत नाही.

---

रानजाई

भेट झाली, कळवते.

वर्गबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "मला वाटलं होतं गणित टाळतो." त्यांना खरंच वाईट वाटलं. दाराजवळचा बाक लगेच दिला. कार्डाऐवजी त्यांनी स्वतः सुचवलं की तो नुसती पाण्याची बाटली बाकावर आडवी ठेवेल आणि उठेल. माझ्या मुलाला हे आवडलं, कारण यात टेबलापर्यंत जावं लागत नाही. गणिताच्या बाईंना त्याच दिवशी सांगितलं.

ऑफिसशेजारच्या संडासाला मुख्याध्यापकांनी आधी नाही म्हटलं. एकाला दिलं तर सगळे मागतील, असं. डॉक्टरांची चिठ्ठी बघितल्यावर "या सत्रापुरतं" म्हणाले. स्टूल नेऊन ठेवलंय, त्यावर मावशी बसतात असं लेकाचं म्हणणं आहे, पण तो आला की देतात.

पीटीच्या सरांचं मात्र अडलंय. मंगळवारी मुलं मैदानावर असतात आणि ऑफिस दुसऱ्या टोकाला. सर म्हणतात एकट्याला मैदानातून सोडता येणार नाही आणि सोबत पाठवायला माणूस नाही. सध्या मंगळवारी तो धरून बसतो, आणि डाग लागला तर तो मंगळवारचाच असतो. शिवाय पुढच्या महिन्यात सहल आहे, सकाळी सहा ते संध्याकाळी सात. पाठवायचं का नाही यावर घरात दोन तट पडलेत. मैदानावरचा तास असणाऱ्यांनी काय केलंय?

---

खडू_फळा

मंगळवारी वर्गबाईंना पीटीआधी पाच मिनिटं मागा. डबा खाऊन झाल्या झाल्या तो ऑफिसकडे जाईल आणि तिथून मैदानावर उशिरा येईल. उशिरा आलेल्याला सर घेतात, मधेच सोडणं त्यांना अवघड जातं. सहलीचं मला सांगता येणार नाही, आमच्या सहलीत वाटेतल्या धाब्यावरचं बाथरूम बघून मीच पाणी कमी पिते.

---

टेम्सकाठची

सहलीला पाठवा, पण आदल्या रविवारी पोट रिकामं झालंय ना ते बघून. आणि बसमध्ये कोणत्या बाई असतील त्यांना पत्राची प्रत द्या, वर्गबाईच असतील असं धरून चालू नका.

---

माळावरचा

आमच्या पुतण्याची आई स्वतः सहलीला गेली होती, स्वयंसेवक पालक म्हणून. शाळेला दोन हात जास्तीचे हवेच असतात. विचारून बघा.